सोबतीला कोण?



या व्याख्यानमालेत मला बोलावले तेव्हा चिटणीसांनी विचारले की विषय काय लिहू. मी म्हटले, ‘बिनलग्नाच्या, एकट्या राहणाऱ्या बायका’ असे लिहा. ते थोडे थांबले आणि म्हणाले, ‘पत्रिकेत जरा वेगळ्या शब्दांत घालू का?’ मी हो म्हटले. पत्रिकेत तुम्ही वाचले असेल, ‘बदलते कुटुंबजीवन’. त्यांना दोष देत नाही. पण ते थांबले कशापाशी, एवढेच आज बघायचे आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची घरे माझ्या ओळखीची आहेत. गौळीगुडा, जांबाग, सुलतान बाजार, काचीगुडा. निजामाच्या काळात आलेल्या घराण्यांनी बांधलेली किंवा नंतर भावाभावांत वाटून घेतलेली. त्यातली निम्मी मुले आता पुण्याला, अमेरिकेला गेली, आणि वरचा मजला भाड्याने देणे हा आपला नवा व्यवसाय झाला आहे. म्हणजे मी हे कुणा दूरच्या समाजाला सांगत नाही. ‘टू-लेट, फक्त फॅमिलीसाठी’ ही पाटी आपल्याच दारावर असते, आणि खोली बघायला आलेल्या मुलीची चौकशी करायला पुढे होते ती बहुधा घरातली बाई. मीसुद्धा केली आहे.

साहित्यसंस्थेत बोलते आहे तर शब्दांपासून सुरुवात करू. लग्न न केलेल्या पुरुषासाठी मराठीत ‘ब्रह्मचारी’ आहे, त्यात व्रताचा मान आहे. ‘सडाफटिंग’ आहे, त्यात थोडी थट्टा आणि थोडा हेवा आहे. बाईसाठी ‘कुमारिका’ आहे, पण तो शब्द कोवळ्या वयाचा, आणि लग्नापेक्षा शरीराबद्दलच जास्त बोलणारा. वय वाढले की ‘घोडनवरी’, म्हणजे नवरी तर आहेच, फक्त उशीर झालेली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकलेल्या मुली दिसू लागल्यावर ‘प्रौढ कुमारिका’ असा एक जोडशब्द वापरात आला. वाचताना तो आजाराच्या नावासारखा वाटतो. राहिला ‘एकटी’. ‘तो एकटा राहतो’ म्हटले की आपल्याला डबा आठवतो, त्याच्या जेवणाचे काय होत असेल असे वाटते. ‘ती एकटी राहते’ म्हटले की दार आठवते. दाराशी कोण येते, कधी येते.

शब्द का नव्हता, याचे कारण सरळ आहे. तशी बाईच नव्हती. नवऱ्याशिवाय राहणारी बाई म्हणजे एक तर विधवा, आणि ती सासरच्या किंवा माहेरच्या धाकात, नाही तर देवाला सोडलेली, कलावंतीण, मुरळी, जिच्याविषयी समाजाने आधीच ठरवून टाकलेले. स्वतःचा पगार, स्वतःची खोली, आणि नवरा मेलेलाही नाही व टाकलेलाही नाही, अशी बाई मास्तरीण आणि नर्स या दोन नोकऱ्यांनी प्रथम निर्माण केली. महर्षी कर्व्यांचे महिला विद्यापीठ १९१६ सालचे. १९३० पासून शारदा कायदा लागू झाला आणि मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरले. शाळा वाढल्या, लग्ने पुढे गेली, आणि पंचवीस-तीस वर्षांची, पगार घरी देणारी, लग्न न झालेली मुलगी पांढरपेशा घरांत दिसू लागली.

तिच्याबद्दलचे मराठीतले पहिले मोठे पुस्तक तुम्हाला माहीत आहे. ‘कळ्यांचे निःश्वास’, १९३३. लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर, प्रकाशक ह. वि. मोटे. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या या कथा. कुणाच्या पगारावर घर चालते म्हणून तिचे लग्न कुणी मनावर घेत नाही. कुणी दिसायला बरी नाही. आणि या मुलींनाही शरीर आहे, इच्छा आहे, हे त्यात लपवलेले नाही. पुढच्याच वर्षी ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली. तिच्यात नवऱ्यापासून दुरावलेली स्त्री दुसऱ्या पुरुषाबरोबर आयुष्य मांडू बघते. महाराष्ट्रात मोठे वादळ उठले.

त्या वादळातली मला सर्वांत बोलकी वाटते ती एक गोष्ट. हे खरे आहे का, मुलींचे असे होते का, यावर जितकी चर्चा झाली त्याहून कितीतरी जास्त कुतूहल ही बाई कोण, याचे होते. कारण जिला हे माहीत आहे तिचे चारित्र्य काय असणार! लेखिका होत्या बाळूताई खरे. हिंगण्याच्या संस्थेत शिकलेल्या, मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या, आणि त्या वेळी स्वतः अविवाहित. टोपणनाव कशासाठी घ्यावे लागले हे यातच आले. शाळेत शिकवणाऱ्या कुमारिकेला हे पुस्तक स्वतःच्या नावावर परवडणारे नव्हते. विश्राम बेडेकरांशी त्यांचे लग्न १९३८ साली झाले, आणि पुढे आपण त्यांना मालती बेडेकर म्हणून ओळखू लागलो. पुरुषाने असे पुस्तक लिहिले असते तर त्याने निरीक्षण केले असे म्हटले असते. बाईने लिहिले म्हणजे तिने अनुभवले, हा हिशेब पक्का होता. आज तो कितपत सैल झाला आहे ते तुम्हीच ठरवा.

आता एका खोलीबद्दल सांगते. ती अफझलगंजात होती, आणि तिच्यात माझी आत्या राहत होती.

आत्या माझ्या वडिलांपेक्षा दोन वर्षांनी मोठी. आजोबा लवकर गेले. आत्या मॅट्रिक होऊन शाळेत लागली आणि तिच्या पगारावर बाबा शिकले. बाबांना नोकरी लागली, लग्न झाले, आम्ही झालो. तिच्या लग्नाचे दोनदा जुळत आले, एकदा हुंड्यावर मोडले, दुसऱ्यांदा का मोडले ते मला कधीच कुणी सांगितले नाही. माझा धाकटा भाऊ झाला तेव्हा गौळीगुड्याच्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही सात माणसे होतो. १९६८ साली, छत्तिसाव्या वर्षी, आत्याने खोली घेतली. घरात सगळ्यांनी म्हणायचे ठरले होते की ही सोय तात्पुरती आहे.

अफझलगंज तिनेच निवडले. शाळा पायी जाण्यासारखी होती, आमचे घर दहा-बारा मिनिटांवर, आणि मुसीकाठचे मोठे ग्रंथालय जवळ. आपण त्याला अजून आसफिया म्हणतो, सरकारी नाव कधीच बदलले. बसस्टँड, धान्याची आणि भांड्यांची दुकाने, नदीकडून येणारा वास, दवाखान्यात आलेल्या नातलगांची रस्त्यावर मांडलेली बिऱ्हाडे, असा तो भाग. रात्री नऊपर्यंत माणसांनी भरलेला. आत्या म्हणायची की गर्दीत भीती वाटत नाही. भाडे पस्तीस रुपये. मालक आपलेच मराठी, सज्जन म्हणून नावाजलेले. ओळखीतून खोली मिळाली होती, आणि ओळखीची किंमत अटींमध्ये होती.

अटी लेखी नव्हत्या, पण आत्याने त्या आईला इतक्यांदा सांगितल्या की मला पाठ झाल्या. साडेआठला खालचा दरवाजा बंद. पुरुष पाहुणा आला तर खालच्या ओसरीवर बसवायचा, वर न्यायचा नाही, सख्खा भाऊ सोडून. कुलपाची एक किल्ली मालकांकडे, अडीअडचणीला. आणि चौथी अट मालकीणबाईंनी प्रेमाने घातली होती: ‘रात्री अगदी एकट्या नका राहू हो, सोबतीला कुणी असावं.’

ती सोबत म्हणजे मी. वय वर्षे नऊ. शाळा सुटली की घरी खाऊन, अंधार पडायच्या आत मला आत्याकडे पोचवायचे आणि सकाळी परत आणायचे. आठवड्यातून चार-पाच रात्री. मला ते फार आवडायचे. तिथे धाकटा भाऊ नव्हता, रेडिओ होता, आणि आत्या ग्रंथालयातून आणलेले पुस्तक मोठ्याने वाचायची. चोर आला असता तर नऊ वर्षांची मुलगी काय करणार होती, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही, मलाही फार उशिरा पडला. कारण ती सोबत चोरासाठी नव्हतीच. सकाळी घरी आले की आई वेणी घालताना विचारायची, काय केलंत, काय जेवलात, कोण आलं होतं? ती काही कपटी बाई नव्हती. तिला नणंदेची काळजी होती. पण काळजीचे प्रश्न आणि पहाऱ्याचे प्रश्न शब्दशः एकच असतात, आणि ‘सोबत’ या आपल्या गोड शब्दात दोन्ही मावतात.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात आत्याला ताप आला, टायफॉइड निघाला. तीन दिवस शाळेत गेली नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी तिच्या शाळेतले एक शिक्षक औषध आणि मोसंबी घेऊन आले. खाली हाक मारली, कुणी ऐकली नाही, म्हणून वर आले. आत्याला उठवत नव्हते. त्यांनी पाणी उकळून दिले, तिने औषध घेतल्याचे बघितले, खुर्चीवर पाचसात मिनिटे बसले, मला पाढे विचारले आणि गेले. दार सताड उघडे होते.

सकाळी आईने विचारले. मी सांगितले. मी अपराधी भावनेने नाही, कौतुकाने सांगितले, की एक सर आले होते आणि माझा सतराचा पाढा बरोबर आला.

पुढचे मी मोठेपणी जुळवले. मालकांनीही त्यांना जाताना पाहिले होते. ते आत्याशी बोलले नाहीत. ते बाबांना भेटले, ऑफिसात जाऊन. भाडे आत्या देत होती, पावती आत्याच्या नावाची होती, पण तक्रार भावाकडे. आणि शब्द काय वापरले? ‘आमची काही तक्रार नाही, पण गल्लीत मुली लग्नाच्या आहेत.’ बाबा घरी आले, माझ्याकडून पुन्हा एकदा सगळे वदवून घेतले, आणि ताप उतरायच्या आत आत्याला घरी आणले. ज्याची फी तिने भरली होती त्या भावाने तिला विचारले, ‘आक्का, तो का आला होता?’ ती म्हणाली, ‘औषध द्यायला.’ बाबा म्हणाले, ‘ते मला माहीत आहे. पण का?’

या ‘पण का’ला उत्तर नसते. म्हणून आज हा विषय घेतला. चोरीचा आळ असेल तर वस्तू सापडते किंवा सापडत नाही. चारित्र्याच्या आळात पुराव्याला जागाच नसते. दार उघडे होते म्हटले तर धीट आहे. बंद होते म्हटले तर संपलेच. गप्प राहिली तर काहीतरी आहे, रागावली तर नक्कीच काहीतरी आहे. त्या शिक्षकांचे काय झाले विचाराल तर काहीच नाही. ते रिटायर होईपर्यंत सन्मानाने तिथेच शिकवत होते, आणि योगायोगाने ते सडाफटिंग होते.

खोली सुटली. आत्या मला एका शब्दानेही बोलली नाही. फक्त पुन्हा कधी मला ‘सोबतीला ये’ म्हणाली नाही.

आपल्याला वाटते, हे गल्लीतले झाले, जुन्या काळचे झाले. पण हाच ‘पण का’ कायद्याच्या पुस्तकात २००३ पर्यंत छापलेला होता. १८७२ च्या पुरावा कायद्यात एक कलम असे होते की बलात्काराच्या खटल्यात तक्रार करणारी स्त्री सर्वसाधारणपणे अनीतिमान वर्तनाची आहे, हे आरोपी सिद्ध करू शकतो आणि त्यावरून तिची साक्ष अविश्वसनीय ठरवू शकतो. घटनेचा प्रश्न बाजूला, बाई कशी आहे ते बघा. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातले, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातले १९७२ चे मथुरा प्रकरण तुमच्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. मुलगी अविवाहित, गरीब, आदिवासी. तिला आधीच शरीरसंबंधांची सवय होती, या वैद्यकीय मतावर खटल्यात भर दिला गेला, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरवले. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले, देशभर मोर्चे निघाले, १९८३ साली कायदा बदलला. तरी चारित्र्याचे ते कलम जायला आणखी वीस वर्षे लागली. न्यायालयातून हा प्रश्न काढायला जर इतके कष्ट पडले, तर जिन्यावरून तो काढायला कुणी काही केलेले नाही, याचे आश्चर्य नको.

आता तुम्ही म्हणाल, चारित्र्य वगैरे आम्ही मानत नाही, आमची मुले परदेशात कशी राहतात आम्हाला ठाऊक आहे. आमची हरकत फक्त सुरक्षिततेची आहे. मुलीला काही झाले तर जबाबदारी कुणाची? हा प्रश्न खोटा नाही, त्याचे नीट उत्तर द्यायला हवे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये शमशाबादजवळ जे घडले त्यानंतर या शहरातल्या प्रत्येक घरात मुलींना सूचना दिल्या गेल्या. पोलिसांनीही सूचनांची यादी काढली: कुठे जाता ते घरी सांगा, गर्दीच्या जागी थांबा. अनोळखी माणसांपासून धोका असतो, आणि त्या रात्री तो होता. पण हेही लक्षात घ्या की ती मुलगी एकटी राहत नव्हती. ती आईवडील आणि बहिणीसह राहणारी, घरी फोन करून कुठे आहे ते सांगणारी मुलगी होती. एकटे राहणे आणि त्या रात्रीचा धोका यांचा काही संबंध नव्हता. तरी त्या आठवड्यात माझ्या माहितीच्या दोन घरांत, एकट्या भाडेकरू मुलींना ‘तुमच्याच भल्यासाठी’ खोली सोडायला सांगितले गेले.

आणि घराच्या आतले? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, तेलंगणातल्या १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे ३७ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती झाल्याचे सांगितले. तीनातली एक आणि वर थोड्या. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालांत वर्षानुवर्षे दिसते की बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो. नात्यातला, शेजारचा, लग्नाचे वचन दिलेला, कामावरचा. म्हणजे आत्याच्या चार अटींतली धोक्याची अट कोणती होती? पाहुण्याची नाही. किल्लीची. तिच्या मालकांबद्दल मला काही म्हणायचे नाही, त्यांनी ती किल्ली कधी वापरली नसावी. पण बाहेरच्या अनोळखी माणसासाठी दार साडेआठला बंद, आणि ओळखीच्या माणसाकडे आतले कुलूप उघडण्याची सोय, ही सुरक्षिततेची रचना नाही.

भाड्याने खोली देताना काय विचारायचे हा फार अवघड प्रश्न नाही. ओळखपत्र, नोकरीच्या ठिकाणचा कागद, भाडेकरूच्या नोंदीचा पोलिसांचा फॉर्म, आगाऊ रक्कम, अकरा महिन्यांचा करार. हे फॅमिलीलाही विचारतो, तिलाही विचारावे. अडचणीच्या वेळी फोन कुणाला करायचा तो एक नंबर घ्यावा, पण तो कुणाचा हे तिने ठरवावे. मैत्रिणीचा असू शकतो. तो ताप आल्यावर फिरवायचा नंबर आहे, उशीर झाल्यावर फिरवायचा नाही. ज्या भागात बाहेरून एकही माणूस दिसत नाही असा जिना असेल तर तिथे दिवा लावावा. आतून चांगली कडी, दाराला भोक, आणि कुलपाच्या सगळ्या किल्ल्या तिच्या हातात. सुरक्षिततेचा खर्च एवढाच आहे. कोण येते हे बघण्यात तो खर्च होत नाही, उलट त्याने एक नुकसान होते. जिला माहीत आहे की मालकीणबाईंची नजर दारावर आहे, ती खरोखर कुणी त्रास दिला तर मालकीणबाईंना सांगायला येत नाही. पहिला प्रश्न काय येईल ते तिला ठाऊक असते.

जाता जाता सरकारचेही एक उदाहरण सांगते. तेलंगण सरकारने २०१७ साली एकट्या स्त्रियांसाठी महिना हजार रुपयांचे निवृत्तिवेतन सुरू केले, पुढे ते दोन हजार सोळा झाले. त्यात नवऱ्याने टाकलेल्या, वेगळ्या राहणाऱ्या स्त्रियांबरोबर लग्न न झालेल्यांनाही घेतले. मला हे फार मोलाचे वाटते, कारण ‘अविवाहित’ ही बाईची कायमची अवस्था असू शकते हे कुठल्या तरी सरकारी फॉर्मने मान्य केले. फक्त त्यात वयाची अट आहे. खेड्यात तीस आणि शहरात पस्तीस. म्हणजे त्या वयापर्यंत ती नवरीच, उशीर झालेली. ‘घोडनवरी’ला सरकारने आकडा दिला म्हणा ना.

आत्याचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. वर्षभर ती आमच्याकडेच होती, स्वयंपाकघरात झोपायची. मग तिच्या शाळेतल्या दुसऱ्या एका शिक्षिकेबरोबर तिने काचीगुड्याला दोन खोल्या घेतल्या. त्या बाई विदर्भातल्या, त्याही अविवाहित. दोघी तिथे बावीस वर्षे राहिल्या, बाई वारल्या तोवर. गंमत बघा, त्या बावीस वर्षांत कुणी काही विचारले नाही. मालकांनी किल्ली मागितली नाही, आईने वेणी घालताना चौकशी केली नाही. एकटी होती तेव्हा औषध आणणाऱ्या माणसावरून घर सुटले, आणि दुकटी झाल्यावर ती कशीही राहिली तरी चालले. दोन बायका एकत्र राहतात म्हणजे एकमेकींना ‘सोबत’ आहेत, यापलीकडे आपल्या कल्पनेची धाव नव्हती. त्या दोघी एकमेकींच्या कोण होत्या, मैत्रिणी की त्याहून काही, हे मला माहीत नाही. बाई गेल्यावर आत्याने पांढरी साडी नेसली नाही आणि कुणी तिला भेटायला आले नाही. मैत्रीण गेली म्हणून सुतक कुठे असते? मी गेले होते. ती म्हणाली, ‘चहा टाक, दोन कप टाकू नकोस आता सवयीने.’ तिने आयुष्यात मला स्वतःबद्दल सांगितलेले सर्वांत जास्त ते तेवढेच. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ बद्दल निकाल दिला, त्या दिवशी पेपर वाचताना मला आत्या आठवली. का आठवली याचा हिशेब मी लावत बसले नाही. ‘पण का’ एकदा विचारून झाले होते.

शेवटी माझ्या घराचे. दीड वर्षापूर्वी वरची खोली मी लातूरकडच्या एका मुलीला दिली. वय एकतीस, तपासणीच्या लॅबमध्ये कामाला, पाळ्यांची नोकरी. पाटीवरून ‘फक्त फॅमिलीसाठी’ मी स्वतः खरवडून काढले, त्याचा मला थोडा अभिमानही होता. दुसऱ्या महिन्यात एका रात्री साडेदहाला मोटारसायकल थांबली, एक तरुण हेल्मेट हातात घेऊन वर गेला. मी पडद्यामागे उभी होते. घड्याळाकडे बघितले, आणि तो खाली येईपर्यंत पुन्हा दोनदा बघितले. सदुसष्टाव्या वर्षी मी परत नऊ वर्षांची झाले होते, फक्त सकाळी सांगायला आई नव्हती.

सकाळी ती मुलगीच खाली आली. म्हणाली, ‘काकू, काल रात्री आला होता तो—’ मी तिला तोडले. म्हटले, ‘मला सांगायची काही गरज नाही.’ मला वाटले तिला बरे वाटेल. तिचा चेहरा उतरला. क्षणभर थांबून तिने विचारले, ‘म्हणजे खोली सोडायची का?’

मी तिला आत बोलावले, कपाटातून कराराचा कागद काढला आणि तारीख दाखवली. तिने तो हातात घेऊन दोनदा वाचला.